काळं ऑइल, मधासारखं ऑइल आणि टिपकागदावरचे थेंब

माझी गाडी 2017 ची डिझेल आहे. नाशिकच्या इंदिरानगरहून सिन्नरला मुसळगाव एमआयडीसीत रोज जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. फेब्रुवारीत सर्व्हिसिंगला ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. मार्चमध्ये मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजला अलाइनमेंटसाठी थांबलो, तर तिथल्या कारागिराने बॉनेट उघडून डिपस्टिक काढली आणि मला दाखवली. "शेठ, पार डांबर झालंय. आजच बदलून टाका, नाहीतर इंजिन बसेल." पट्टीवरचं ऑइल खरोखर काळं कुळकुळीत होतं. सर्व्हिसिंगनंतर गाडी फक्त 1,100 किलोमीटर चालली होती.

त्याआधीच्या वर्षी असंच कुणीतरी सांगितलं म्हणून मी 4,000 किलोमीटरलाच ऑइल बदललं होतं आणि साडेतीन हजार रुपये मोजले होते. या वेळी "उद्या बघतो" म्हणून निघालो आणि संध्याकाळी आमच्याच बिल्डिंगमधल्या अण्णांचं दार वाजवलं. अण्णांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं, त्यातली बरीचशी वर्षं डिझेल इंजिनांवरच.

अण्णांनी आधी एकच प्रश्न विचारला, "वास कसला येतोय?" मी म्हटलं, ऑइलचाच, थोडा जळका. "लेव्हल?" ती मी बघितलीच नव्हती. "मग तू रंगाशिवाय बघितलंस काय?" असं म्हणत त्यांनी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर खाली आले.

डिझेल जळताना काजळी होतेच. तिचा काही भाग पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइलमध्ये ही काजळी धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. ती काजळीचा कण न् कण वेगळा ठेवतात, एकमेकांना चिकटू देत नाहीत आणि तळाशी बसूही देत नाहीत. हे कण इतके बारीक असतात की फिल्टरमधून आरामात निघून जातात. शिवाय रंग बदलायला काजळी फार लागतही नाही, थोड्याशा काजळीनेही ऑइल काळं दिसतं. त्यात जुनं ऑइल काढताना ते शंभर टक्के निघत नाही, आतल्या वाटांमध्ये थोडं राहतं आणि नव्यात मिसळून त्याला पहिल्या दिवसापासूनच रंग देतं. म्हणून डिझेल गाडीचं ऑइल काही शे किलोमीटरांतच काळं होतं आणि त्यात बिघाड काहीच नसतो. अण्णांचं म्हणणं असं की काजळी होत असूनही ऑइल स्वच्छच दिसत राहिलं तर ती काजळी इंजिनात कुठेतरी चिकटून बसत असेल, त्याची काळजी जास्त करायला हवी.

पण काळं आहे म्हणून चांगलंच आहे, असंही त्यांनी म्हटलं नाही. रंग काजळी आहे एवढंच सांगतो. ती ऑइलने अजून सुटी धरून ठेवली आहे की तिचे गोळे व्हायला लागलेत, हे रंगावरून कळत नाही. त्यासाठी अण्णांकडे टिपकागदाची जुनी रीत होती.

आम्ही गाडी सपाट जागी लावली, दहा मिनिटं चालवून इंजिन गरम केलं, बंद केलं आणि ऑइल खाली उतरायला आणखी दहा मिनिटं थांबलो. पट्टी काढली, सुती फडक्याने पुसली, पूर्ण आत घालून पुन्हा काढली. लेव्हल वरच्या खुणेच्या किंचित खाली होती, म्हणजे बरोबर. मी सवयीने ऑइल दोन बोटांत चोळायला लागलो, तेव्हा अण्णांनी हात धरला. गरम ऑइल पातळच लागतं, त्यामुळे "पातळ झालंय" हे बोटांनी ठरवता येत नाही. झिजेचे घातक कणही बोटाला जाणवण्याइतके मोठे नसतात.

मग पट्टीच्या टोकावरचा एकच थेंब त्यांनी गोल फिल्टर पेपरवर सोडला. हा कागद प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. कागद टेबलावर ठेवायचा नाही, पेल्याच्या काठावर अधांतरी ठेवायचा, म्हणजे थेंब सगळीकडे सारखा पसरतो. हलवायचा नाही आणि रात्रभर तसाच राहू द्यायचा. शेजारी दुसऱ्या कागदावर त्यांनी माझ्या डब्यात उरलेल्या नव्या ऑइलचा थेंब टाकला, तुलनेला.

सकाळी बघितलं. नव्या ऑइलचा फक्त पारदर्शक तेलकट डाग होता. जुन्याच्या मध्ये करडा गोल होता आणि तो बाहेरच्या कडेपर्यंत हळूहळू फिकट होत गेला होता, कुठेही धारदार रेघ नव्हती. ऑइलबरोबर काजळीही कडेपर्यंत प्रवास करून गेली होती, याचा अर्थ ती सुटी होती. ऑइल थकलं की चित्र उलटं दिसतं. मध्ये घट्ट काळा ठिपका बसतो, त्याला ठळक कड असते आणि भोवती नुसतं स्वच्छ ऑइल पसरतं, कारण काजळीचे गोळे कागदाच्या धाग्यांत अडकून जागीच राहतात. ऑइलमध्ये कूलंट शिरत असेल तरी असाच दाट, ठळक कडेचा ठिपका येतो. म्हणून असा ठिपका दिसला तर ऑइल बदलून गप्प बसायचं नाही, कूलंटची टाकीही रोज बघायची.

त्यानंतर मी साधारण दर 2,000 किलोमीटरला एक थेंब घ्यायला लागलो. कागदाच्या कडेला पेन्सिलने तारीख आणि किलोमीटर लिहायचो. 3,000 चा आणि 5,000 चा थेंब जवळपास सारखेच आले. 5,000 ला लेव्हल दोन खुणांच्या मध्यावर आली होती, म्हणून त्याच ग्रेडचं ऑइल थोडं-थोडं घालून वर आणली. 7,000 ला मधला भाग गडद झाला. 9,000 ला आणखी गडद, पण कड अजून विरघळतच होती. हे कागद ओळीने मांडले की एका थेंबातून न कळणारी गोष्ट कळते, ती म्हणजे बदलाची चाल.

या रीतीची मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवली पाहिजे. थेंब काजळीबद्दल बोलतो. ऑइलचा दाटपणा किती उतरला, ज्वलनातून येणारं आम्ल मारण्याची त्याची ताकद किती उरली, त्यात लोखंडाची झीज किती आली किंवा एअर फिल्टरमधून धूळ किती शिरली, यातलं तो नक्की काही सांगत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेली मुदत थेंबाच्या भरवशावर मी कधी पुढे ढकलली नाही. माझ्या गाडीला 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलंय. सप्टेंबरमध्ये 9,600 ला मी ऑइल बदललं.

बदलताना मात्र एक बाटली भरून घेतली. गरम इंजिनचा ड्रेन बोल्ट काढल्यावर पहिली धार जाऊ द्यायची, कारण तिच्यात तळचा गाळ येतो, आणि मधल्या धारेखाली कोरडी स्वच्छ बाटली धरायची. आमच्या कारखान्याच्या जनरेटरचं ऑइल ज्या लॅबकडे तपासायला जातं, त्यांच्याकडेच ती दिली. रिपोर्टमध्ये 100 अंशाला दाटपणा 10.4 सेंटीस्टोक आला. माझ्या 5W-30 ऑइलमधल्या 30 ग्रेडची हद्द 9.3 पासून 12.5 पर्यंत असते, म्हणजे ऑइल हद्दीत होतं. आम्ल मारण्याच्या ताकदीचा आकडा, ज्याला टीबीएन म्हणतात, नव्या ऑइलचा 8 च्या आसपास होता, तो 4.6 वर आला होता. निम्म्याच्या जवळ आल्यावर बदलायचं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे, म्हणजे माझी वेळ योग्य होती. 1,100 किलोमीटरच्या ज्या ऑइलला डांबर म्हटलं गेलं, त्याच ऑइलने पुढे साडेआठ हजार किलोमीटर नीट काम केलं होतं.

हे सगळं शिकल्याचा खरा उपयोग झाला जानेवारीत, आणि तोही बाबांच्या पेट्रोल गाडीवर. बाबा गंगापूर रोडला राहतात. गाडी जाते ती भाजीबाजार, बँक आणि देवळापर्यंत, एका वेळी दोन-तीन किलोमीटर. ऑइल बदलून आठ महिने झाले होते आणि गाडी जेमतेम 1,400 किलोमीटर चालली होती. पट्टीवरचं ऑइल अगदी मधासारखं होतं. बाबा खुशीत म्हणाले, "बघ, नव्यासारखं आहे. तुझं कसं काळं होतं."

मी लेव्हल बघितली. वरच्या खुणेपेक्षा जवळजवळ बोटभर वर होती. वर कुणीही ऑइल घातलं नव्हतं. पट्टी नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा स्पष्ट वास आला. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा फिकट पिवळा थर होता.

इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल सोडलं जातं. त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि ज्वलनातली वाफही थंड भागांवर पाणी होऊन बसते. इंजिन पुरेसं तापलं की दोन्ही उडून जातात. पण नाशिकच्या जानेवारीच्या सकाळी दोन किलोमीटरमध्ये ऑइल तापतच नाही. पेट्रोल साठत जातं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरचा थर कमजोर पडतो. रंग मात्र सोनेरीच राहतो, उलट आणखी फिकट दिसतो. थेंब कागदावर टाकला तर मधे जवळपास काही नाही आणि बाहेर रुंद फिकट कडं, पेट्रोलने ऑइलला ओढून नेल्यासारखं.

पण नुसत्या छोट्या फेऱ्यांनी लेव्हल एवढी चढावी, हे अण्णांना पटेना. त्यांनी बाबांना विचारलं, "थंड इंजिनाचा निळा दिवा किती वेळाने जातो?" बाबा म्हणाले, "कधीकधी घरी परत येईपर्यंत जातच नाही." इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत होतं आणि इंजिन तापतच नव्हतं. इंजिन थंडच आहे असं समजून यंत्रणा पेट्रोल जास्त सोडत राहिली. थर्मोस्टॅट, ऑइल आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले.

आता बाबा दर रविवारी गाडी घेऊन त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला अर्धा-पाऊण तास जाऊन येतात. परवा मी पट्टी काढली. बदलल्याला तीन महिने झालेत, ऑइल थोडं तपकिरी झालंय, लेव्हल खुणेच्या आत आहे आणि वास फक्त ऑइलचा. बाबांनी कागद स्वतः पेल्यावर ठेवला, थेंब सोडला, आणि कडेला पेन्सिलने लिहिलं, "620 किमी".