तीन टक्क्यांचा पडदा

दिवाळीची आवराआवर चालली होती तेव्हा सांगलीहून एका काकूंचा फोन आला. त्यांनी श्रावणात आमच्याकडून न रंगवलेलं, कोऱ्या रंगाचं जाडसर सुती कापड 5 मीटर मागवलं होतं. गणपतीत दारांना नवे पडदे लागले, आणि आता पहिल्यांदाच ते धुतले होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त अपराधी वाटलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही तीन टक्के आटेल असं लिहिलं होतं. दार सात फुटी आहे. चौऱ्याऐंशी इंचाचे तीन टक्के म्हणजे अडीच इंच. मी शिंप्याला साडेशहाऐंशी इंच ठेवायला सांगितलं. दोन महिने पडदे जमिनीवर लोळत होते, ते मी चालवून घेतलं. आता धुतल्यावर तीन इंच वर गेलेत."

मी गेली काही वर्षं पुण्यातल्या एका छोट्या दुकानासाठी मीटरवर विकल्या जाणाऱ्या कापडांची लिस्टिंग लिहिते. पन्हा, जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन, आटण्याचं प्रमाण आणि कमीत कमी किती लांबी कापून मिळेल, या चार गोष्टी दुकानात गेल्यावर गिऱ्हाईक हाताने पाहतं किंवा तोंडाने विचारतं. ऑनलाइन घेणाऱ्याला मात्र माझ्या चार ओळींवर विश्वास ठेवूनच कापड बेतावं लागतं. काकूंनी तो ठेवला होता, आणि हिशोबही अगदी बरोबर केला होता. चूक माझ्या आकड्यात होती.

तो आकडा पुरवठादाराच्या कागदावरून उतरवलेला होता: "आटणे 3 ते 4 टक्के". त्यातला कमी आकडा मी उचलला होता. हीच पहिली चूक. दुसरी चूक कापड धुतल्याशिवाय कळणार नव्हती. त्याच ठाणातलं कापड अजून शिल्लक होतं. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांना सांगून मी 70 सें.मी. कापून घेतलं.

ठाण घट्ट गुंडाळलेलं असतं, त्यामुळे कापड ओढलेलं राहतं. ते लगेच मोजलं तर माप फसवं येतं. म्हणून तुकडा रात्रभर टेबलावर मोकळा पसरून ठेवला आणि सकाळी काठ सोडून मधला 70 बाय 70 चा चौकोन कापला. कडांना ओव्हरलॉक मारून घेतलं, नाहीतर धुताना दोरे सुटतात. मग कडेपासून दहा-दहा सें.मी. आत, न जाणाऱ्या शाईने 50 बाय 50 चा चौकोन आखला आणि ताण्याच्या दिशेला बाण काढला. काठाला समांतर जातो तो ताणा आणि आडवा जातो तो बाणा. हा बाण काढायचा राहिला, तर धुतल्यावर कुठली बाजू कुठली ते सांगता येत नाही.

नळाच्या पाण्यात, रोजच्या साबणाने मशीनमध्ये धुतलं, आडवं पसरून सावलीत वाळवलं, इस्त्रीने ओढू दिलं नाही. प्रत्येक दिशेला तीन ठिकाणी मोजून सरासरी काढली. ताण्याच्या दिशेने 50 चे 46.9 झाले होते, म्हणजे 6.2 टक्के. बाण्याच्या दिशेने 49.3, म्हणजे 1.4 टक्के.

आणि मग उलगडा झाला. 6.2 आणि 1.4 यांची सरासरी 3.8 येते. कागदावरचा "3 ते 4" खोटा नव्हता, तो दोन्ही दिशांचा मिळून होता. पण पडदा काही सरासरीत लटकत नाही, तो ताण्याच्या दिशेने लटकतो. काकूंच्या साडेशहाऐंशी इंचातून 6.2 टक्के वजा करा, 81 इंच उरतात. तीन इंच कमी, त्यांनी सांगितलं तितकेच.

ताणा जास्त का आटतो, तर मागावर तोच घट्ट ताणलेला असतो आणि पुढे कारखान्यात धुताना-सुकवतानाही कापड लांबीतच ओढलं जातं. पाण्यात भिजलं की दोरा आपल्या जागेवर परत येतो. हे सगळं पहिल्याच धुण्यात होत नाही. मी तोच तुकडा आणखी दोनदा धुतला, तेव्हा ताणा 46.5 आणि मग 46.4 वर येऊन थांबला. म्हणजे अखेरीस 7 टक्क्यांहून थोडं जास्तच.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते जीएसएमने. धुण्याआधी 10 बाय 10 सें.मी. चा तुकडा सोनारी काट्यावर 1.50 ग्रॅम भरला होता, म्हणजे 150 जीएसएम, कागदावर होता तोच. पहिल्या धुण्यानंतर दुसऱ्या तुकड्यातून तेवढाच चौकोन कापला, तो 1.46 भरला. फरक नगण्य. पण आखलेला मोठा तुकडा धुण्याआधी 73 ग्रॅमच्या वर होता आणि वाळल्यावर 66 भरला. साताहून जास्त ग्रॅम खळ पाण्यात गेली होती. दोरे जवळ आले म्हणून वजन भरून निघालं, एवढंच. निव्वळ जीएसएम पाहणाऱ्याला वाटेल, कापड जसंच्या तसं आहे. खरं तर हाताला कडक लागणारं कापड आता मऊ पडलं होतं. म्हणून आता जीएसएमपुढे "खळीसह" की "धुतल्यावर" हे मी लिहितेच.

दुपारी लिस्टिंग नव्याने लिहिलं:

"पन्हा काठासह 110 ते 112 सें.मी., काठ सोडून वापरता येणारा 109 सें.मी. वजन खळीसह 150 जीएसएम, धुतल्यावर साधारण 146. घरी तीन वेळा धुऊन पाहिलं: लांबीत 7 ते 7.5 टक्के आटतं, पन्ह्यात दीड टक्का. बेतण्याआधी भिजवून घ्या. किमान 1 मीटर, पुढे 10 सें.मी. च्या पटीत, सलग तुकडा."

शेवटच्या ओळीवरून दादांशी थोडी वादावादी झाली. आधी आम्ही अर्ध्या मीटरच्या पटीतच कापायचो. पण शिवायला 2.40 मीटर लागत असेल, तर 7.5 टक्के धरून 2.60 घ्यावं लागतं, दोन पडद्यांना 5.20. अर्ध्याच्या पटीत गिऱ्हाइकाला साडेपाच मीटर गळ्यात मारावं लागतं, नाहीतर ते हिशोब आवरता घेऊन पाचच घेतं. काकूंनी पाचच घेतलं होतं. दादा म्हणाले, शेवटी उरलेले तुकडे कोण घेणार? ती अडचण खरी आहे, ठाणाच्या टोकाला 60-70 सें.मी. राहतंच. ते आता वेगळं, तुकडा म्हणून स्वस्तात लावतो.

काकूंना पडद्यांच्या खाली जोडायला पट्टी हवी होती. आमच्या नियमात 1 मीटरच्या खाली काही बसत नव्हतं. मी 60 सें.मी. कापलं, तीन वेळा धुऊन वाळवलं, साधारण 55.7 उरलं, आणि ते पैसे न घेता पाठवलं. सोबत चिठ्ठी घातली: पट्टी आटून झाली आहे, तुमचे पडदे मात्र अजून पाऊण-एक इंच आटतील, तर तीनऐवजी चार इंच जोडा.