सारापिकीतला निळा मॉर्फो

कोस्टा रिकाच्या सारापिकी भागात धो धो पाऊस सुरू झाला, म्हणून आम्ही फुलपाखरांच्या एका बागेत शिरलो. तिथल्या माहीतगार माणसानं मेलेल्या मॉर्फो पेलेइडेसचा पंख टेबलावर ठेवला आणि ड्रॉपरनं त्यावर अल्कोहोलचा थेंब सोडला. थेंबाखालचा झगझगीत निळा रंग बघता बघता हिरवा झाला! थोड्या वेळात अल्कोहोल उडून गेलं आणि पंख परत होता तसा निळा.

या पंखात निळं रंगद्रव्य नाहीच. खवल्यांवर बारीक कंगोरे असतात आणि प्रत्येक कंगोऱ्यावर, फडताळातल्या फळ्यांसारखे, कायटिनचे, म्हणजे कीटकांचं कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाचे, पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. मधल्या फटींत हवा. पापुद्रा साधारण 65 नॅनोमीटर आणि फट 125 धरू. कायटिनचा अपवर्तनांक, म्हणजे त्यातून प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा, 1.56, म्हणून 65 चा तो थर प्रकाशाला 101 इतका वाटतो. हवेचे 125 मिळवले की 226. प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून दुप्पट: सुमारे 453 नॅनोमीटर. या तरंगलांबीचे सगळ्या थरांवरून परतलेले तरंग एकमेकांना बळ देतात, आणि ती निळ्याची तरंगलांबी आहे. फटींत हवेऐवजी अल्कोहोल (1.36) शिरलं की हिशोब 543 वर जातो, म्हणजे हिरवा. टेबलावर दिसलं ते हेच.

मग मी पंख हातात घेऊन तिरका करून पाहिला, तर निळा जांभळ्याकडे झुकला. तिरका प्रकाश थरातून जास्त अंतर कापतो, मग तरंगलांबी वाढायला हवी, असं आपल्याला वाटतं. पण खालच्या पापुद्र्यावरून परतणारा किरण बाजूला सरकून बाहेर पडतो, आणि तेवढ्या वेळात वरून परतलेला किरणही पुढे गेलेला असतो. ते अंतर वजा केलं की दोघांतला फरक उलट कमीच भरतो. प्रकाश लंबाशी 30 अंशांत आला तर आपला हिशोब 453 वरून 409 वर, जांभळ्यात, उतरतो.

खरा मॉर्फो मात्र इतक्या चटकन रंग बदलत नाही, आणि मला सगळ्यात आवडली ती हीच गोष्ट. कंगोरे अतिशय अरुंद आहेत, त्यामुळे प्रकाश आडवा पसरतो. शिवाय त्यांची उंची कमी-जास्त असल्यानं शेजारच्या कंगोऱ्यांचे तरंग जुळून वेगळे पट्टे तयार होत नाहीत. म्हणून कंगोऱ्यांच्या आडव्या दिशेनं पंख बराच कलवला तरी निळा टिकतो. कंगोऱ्यांच्या लांबीच्या दिशेनं कलवला, की निळा लवकर विझतो आणि खालचं मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य उरतं. पाऊस थांबेपर्यंत मी तो पंख खिडकीपाशी दोन्ही दिशांनी फिरवून बघत होते.