भाचीच्या गणिताचा फोटो आणि मी न काढलेली रेषा

दहावीत गेल्यापासून भाची अडलेल्या गणितांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवते. उत्तर मागायचं नाही आणि मी ते द्यायचंही नाही, फक्त धागा द्यायचा, असं आमचं ठरलंय. बीजगणितात हे निभतं. भूमितीत जड जातं, कारण तिथे आकृतीत काढलेली एखादी जादा रेषा म्हणजेच बहुतेक वेळा अख्खं उत्तर असतं. फोटोवर बोटानं लाल रेघ ओढली की पुढे उरते ती नुसती आकडेमोड.

परवाचं गणित वर्तुळाच्या प्रकरणातलं होतं. A आणि B केंद्रं असलेली, 9 सेमी आणि 4 सेमी त्रिज्यांची दोन वर्तुळं एकमेकांना बाहेरून स्पर्श करतात. एक रेषा दोन्ही वर्तुळांना एकाच बाजूनं, P आणि Q या बिंदूंत स्पर्श करते. PQ किती?

फोटोत पहिली ओळ कापली गेली होती, म्हणून आधी पूर्ण फोटो मागवला आणि सोबत वहीच्या पानाचाही. माझ्या मते वहीचा फोटो पुस्तकाच्या फोटोपेक्षा जास्त महत्त्वाचा. तिनं दोन्ही वर्तुळं जवळजवळ सारखीच काढली होती, त्यामुळे PQ ही AB ला समांतर दिसत होती आणि खाली लिहिलं होतं: PQ = AB = 13. म्हणजे घोळ आकृतीतच होता. मी एवढंच लिहिलं, “मापं निम्मी कर आणि कंपासनं काढ. 4.5 आणि 2.” थोड्या वेळानं उत्तर आलं, “मामा, रेघ तिरकी येतेय. आणि पट्टीनं मोजली तर साधारण 6 भरतेय.” मोजमाप म्हणजे सिद्धता नव्हे, पण 13 चुकीचं हे मला सांगावं लागलं नाही.

मग विचारलं, “स्पर्शिका दिसली की आपण कोणती रेख काढतो?” AP आणि BQ काढून तिनं दोन काटकोन दाखवले. हे प्रमेय तिला येत नसतं तर इशाऱ्याचा उपयोग नव्हता. सरळ पुस्तकाचं पान उघडायला सांगितलं असतं. न शिकलेली गोष्ट इशाऱ्यानं सुचत नाही, मूल नुसतं अंदाज मारत बसतं.

आता समोर चौकोन होता. तिनं A पासून Q पर्यंत कर्ण काढला आणि अडली. हा कर्ण चुकीचा नाही, पण त्यातून काही निघत नाही. तसं न सांगता मी विचारलं, “त्रिकोण APQ मधल्या किती बाजू तुला माहीत आहेत?” एकच, AP. दोन बाजू माहीत नसताना पायथागोरस लावणार कसा, हे तिचं तिलाच कळलं.

खरा पेच इथे होता. “B मधून PQ ला समांतर रेषा काढ” असं लिहिलं असतं तर गणित मीच सोडवलं असतं. “नीट विचार कर” म्हणण्याला तर काही अर्थच नाही. मग रेषेबद्दल न बोलता त्रिकोणाबद्दल बोललो: “तुझ्याकडे AB आहे, 9 + 4 = 13. हा 13 ज्याचा कर्ण होईल असा काटकोन त्रिकोण मिळतो का बघ.” काय हवं ते सांगितलं, कसं मिळवायचं ते तिच्यावर सोडलं.

बराच वेळ शांतता. मधे ताईचा फोन, “अरे सांगून टाक ना, पोरगी जेवायला येत नाहीये.” नाही सांगितलं. मग फोटो आला. B पासून AP वर लंब टाकलेला, लंबपादाला M नाव दिलेलं. MBQP आयत, म्हणून PM = 4, AM = 9 − 4 = 5. पुढे 169 − 25 = 144, म्हणून MB = 12 आणि PQ ही 12 सेमी. मघाशी पट्टीवर निम्म्या मापात आलेल्या 6 शी ते जुळत होतं.

हे समजून केलंय की नुसतं जमून गेलंय, ते बघायला आकडे बदलून चालत नाही. 16 आणि 9 दिले तर तीच कृती करून 24 येतं, त्यातून कळत काहीच नाही. म्हणून वर्तुळं लांब नेली: त्रिज्या 8 आणि 3, केंद्रांमधलं अंतर 13. ज्यानं “त्रिज्यांची बेरीज म्हणजे कर्ण” एवढंच पाठ केलंय तो 11 घेतो. तिनं 13 च घेतला, वजाबाकीनं 5 काढला आणि पुन्हा 12 आणलं.

लगेच तिचा प्रश्न आला, “आणि रेषा दोन्ही वर्तुळांच्या मधून तिरकी गेली तर?” तिथे त्रिज्यांची वजाबाकी नाही, बेरीज लागते, 169 − 121, म्हणजे 48 चं वर्गमूळ. मी एवढंच लिहिलं, “आकृती काढ, आणि M या वेळी कुठे पडतोय ते कळव. आधी जेव.”