आठवर थांबलेला तास काटा

बुद्धिमत्ता चाचणीच्या सराव परीक्षेसाठी मी स्वतःच काढलेल्या एका आकृतीने मला भर वर्गात अडचणीत आणले. आरशात दिसणाऱ्या, अंक नसलेल्या घड्याळाचे ते चित्र होते आणि खरी वेळ ओळखायची होती. तास काटा आठच्या आणि मिनिट काटा सातच्या खुणेवर होता, म्हणजे आरशात ८:३५ दिसत होते. आरशात डावे-उजवे उलटते आणि वर-खाली तसेच राहते, त्यामुळे दिसणारी वेळ व खरी वेळ यांची बेरीज बारा तास होते. दिसणारी वेळ ११:६० मधून वजा केली, की ३:२५ हे उत्तर मिळते आणि तेच मी उत्तरपत्रिकेत छापले होते.

एका विद्यार्थिनीने ४:२५ लिहिले होते. बारातून आठ आणि साठातून पस्तीस अशी वेगवेगळी वजाबाकी करण्याची ही नेहमीची चूक आहे, असे समजून मी तिचा गुण कापला होता. तिने मात्र प्रश्नपत्रिका पालथी करून उजेडासमोर धरली. मागून पाहिले, की कागदावरील चित्र आरशातून पाहिल्यासारखे उलटते. तेथे तास काटा नेमका चारवर होता. ३:२५ वाजता तो तीन आणि चार यांच्या मधोमध, किंचित तीनकडे असायला हवा होता.

चूक माझीच होती, कारण चित्र काढताना तास काटा मी थेट आठवर ठेवला होता. तास काटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो, म्हणून ८:३५ ला तो बाराच्या खुणेपासून २५७.५ अंशांवर येतो. माझ्या चित्रात तो २४० अंशांवर होता. ७:३५ ची जागा २२७.५ अंशांवर आहे. म्हणजे माझे चित्र ८:३५ पेक्षा ७:३५ च्या अधिक जवळ होते, आणि ७:३५ ची खरी वेळ ४:२५! तिचे उत्तर चुकीच्या वजाबाकीतून नव्हे, तर काटा पाहून आले होते. अशा घड्याळाला नेमकी वेळच नसल्याने मी तो प्रश्न रद्द केला.

मग तिने विचारले, की पाण्यातील प्रतिबिंबाचे काय? त्यासाठी १८:३० मधून वजा करण्याची युक्ती मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. फळ्यावर सहा वाजलेले घड्याळ काढून मी ते वर-खाली उलटवले, तेव्हा मिनिट काटा सहावर आणि तास काटा बरोबर बारावर आला. साडेबारा म्हणावे, तर तास काटा बारा आणि एकच्या मध्ये हवा. कोणतीही वेळ घेतली, तरी पाण्यात तास काटा असाच अर्ध्या घराने, म्हणजे १५ अंशांनी, चुकतो. आरशात मात्र तो कधीच चुकत नाही. पुढच्या प्रश्नपत्रिकेतून मी जलप्रतिमेचे प्रश्न वगळले आणि आरशाच्या आकृत्या कोनमापक घेऊन नव्याने काढल्या.