बावीस

गुरुवार, रात्री

लाह्यांच्या खोक्याला कुरिअरवाल्यांनी पाच किलो लावलेत. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या, फुंकर मारली तर उडतील अशा. काट्यावर खोका एक किलो आठशे भरला होता. जागा जास्त खातो म्हणून आकारमानाचं वजन लागणार, हे मान्यच आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. हा आकडा आणि काट्याचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. भाजक आपल्या दरपत्रकात 5000 च आहे, ते आधी काढून पाहिलं. कुठे 4000 असतो, कुठे 4500, आणि भाजक लहान झाला की वजन वाढतं.

खोका 30 बाय 25 बाय 20 चा. गुणाकार 15000, म्हणजे बरोबर तीन किलो. बिलात 35, 31, 22. गुणाकार 23870, म्हणजे 4.77, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याने पाच. दोन किलोचा फरक. काल संध्याकाळीच तावातावाने पत्र लिहायला बसलो. 'आपल्या मापनातील अक्षम्य चुकीमुळे' अशी सुरुवातही केली. आमच्यासारख्या लहान माणसाचं कोण ऐकतो वगैरे बरंच होतं त्यात.

मग त्या गठ्ठ्यातलाच दुसरा खोका भरून, चिकटपट्टी लावून टेपने मोजला. पत्राला फोटो लागतील म्हणून. आणि उंची आली 22.

बावीस. त्यांचीच.

गंजगोलाईतला खोकेवाला जे माप सांगतो ते आतलं असतं. कुरिअर मोजतो बाहेरून. पाच पदरी पुठ्ठा साधारण अर्धा सेंटिमीटर जाड, त्यामुळे लांबी-रुंदीत एकेक सेंटिमीटर वाढतो. उंचीत दोन, कारण वर दोन फ्लॅप एकावर एक बसतात आणि खालीही दोन. म्हणजे खोका खरा 31 बाय 26 बाय 22. गुणाकार 17732, वजन 3.55, टप्प्याने चार किलो. इतकी वर्षं खोके भरतोय आणि बुकिंगच्या फॉर्मवर प्रत्येक वेळी आतलं माप लिहितोय. आजवर कुणी पकडलं नाही म्हणून ते बरोबर होतं, एवढंच.

पण त्यांचे 35 आणि 31 तरी कुठून आले? खोका फुगला म्हणावं तर फुगवटा आधी झाकणावर दिसतो. उंची वाढायला हवी होती. ती तर तंतोतंत. मापनाचा फोटो मागवला, आज दुपारी आला. खोका पट्टीला टेकवलेलाच नाही, तिरका पडलाय. घरी करून पाहिलं: भिंतीच्या कोपऱ्यात घट्ट बसवला की 31 आणि 26. जरासा, दहा अंशांएवढा फिरवून भिंतीपासूनची टोकं मोजली की 35 आणि 31. उंचीला फिरण्याचा काही संबंध नाही, म्हणून ती खरी राहिली.

वहिनी दारातून म्हणाल्या, "कामून एवढं रागाला येता भावजी, सत्तर-ऐंशी रुपयांसाठी?" रुपयांचं नाही हो. चूक त्यांची आहे हे सिद्ध करायला बसलो आणि त्यांच्या तीन आकड्यांपैकी एक माझ्यापेक्षा खरा निघाला. ते टोचतंय. पहिलं पत्र गेलं असतं तर त्यांनी माझ्या वीसवर बोट ठेवून सगळीच तक्रार फेटाळली असती, आणि ते बरोबर झालं असतं.

आता पत्र असं:

'पार्सल क्रमांक व बुकिंगची तारीख वर दिली आहे. आपण आकारलेली मापे 35 × 31 × 22, वजन 5 किलो. प्रत्यक्ष बाह्य मापे 31 × 26 × 22, वजन 4 किलो. बुकिंगच्या वेळी आम्ही आतली मापे नोंदवली होती, ती चूक आमची. उंची आम्हांस मान्य आहे. आपल्याच फोटोत खोका पट्टीला समांतर नसल्याने लांबी व रुंदी वाढून आली आहे. जादा एक किलोचे, म्हणजे अर्ध्या किलोच्या दोन टप्प्यांचे पैसे त्यावरील जीएसटीसह परत करावेत.'

सोबत तीन फोटो. तिन्ही बाजूंना लावलेला टेप, शून्यही दिसेल आणि शेवटचा आकडाही. फोटो तसल्याच दुसऱ्या खोक्याचे आहेत, हे पत्राखाली स्पष्ट लिहिलं. मूळ खोक्याचा लेबलसकट फोटो द्यायच्या आधीच काढायला हवा होता. पुण्याच्या ताईंना फोन केला, खोका अजून गॅलरीत आहे म्हणाल्या; उद्या मोजून पाठवतील. सात दिवसांची मुदत, आज चौथा.

'ती चूक आमची' हे वाक्य दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं. राहू दे.

आणि 3.55! साडेतीनच्या वर जेमतेम पन्नास ग्रॅम, त्यासाठी पूर्ण अर्धा किलो. चारही कोपरे एक सेंटिमीटर खाली चिरून फ्लॅप तिथून दुमडले तर उंची 21, वजन 3.39, म्हणजे साडेतीनात बसतो. उरलेल्या अकरा खोक्यांवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. कटर सापडत नाही.