झाकणवाल्या अंड्याने शिकवलेला तक्ता

मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकाखाली एका परजीवी कृमीचं अंडं होतं. पिवळसर तपकिरी, एका टोकाला झाकण. झाकण दिसलं की ट्रेमाटोड वर्गातला कृमी, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं, म्हणून बिनधास्त ‘फॅसिओला’ लिहिलं. ते निघालं डायफिलोबोथ्रियम, म्हणजे सेस्टोड या दुसऱ्याच वर्गातलं. मॅडमनी पुन्हा बघायला लावलं. फॅसिओलाचं अंडं १३० ते १५० मायक्रॉन लांब असतं, हे जेमतेम ६० ते ७५ चं, आणि झाकणाच्या समोरच्या टोकाला बारीकशी गाठ. आकार मोजायची सवय असती तर चूक झालीच नसती.

त्या रात्री जुन्या नोट्स बाजूला ठेवून नवा तक्ता आखला. रकाने तीनच, कृमींच्या तीन वर्गांचे: नेमाटोड, सेस्टोड, ट्रेमाटोड. नावांची फोड केली तर शरीराचा आकार आपोआप आठवतो: ग्रीकमध्ये नेमा म्हणजे दोरा, केस्टोस म्हणजे पट्टा, ट्रेमा म्हणजे छिद्र. दोऱ्यासारखा गोल, पट्ट्यासारखा खंडांचा, आणि चूषकांची छिद्रं मिरवणारा पानासारखा चपटा. ओळी चारच ठेवल्या: आतडं, लिंग, अंड्याचं झाकण, आणि मधला यजमान, म्हणजे कृमीची अळी ज्याच्यात वाढते तो जीव. नेमाटोडमध्ये आतडं पूर्ण आणि नर-मादी वेगळे. सेस्टोडला आतडंच नाही, तो अन्न त्वचेतून शोषतो. ट्रेमाटोडचं आतडं एका बाजूने बंद. सेस्टोड आणि ट्रेमाटोड दोन्ही उभयलिंगी.

खरा फायदा झाला तो लाल पेन्सिलीचा. नियम निळ्या शाईत, अपवाद लाल. ट्रेमाटोडच्या रकान्यात शिस्टोसोमा तीनदा लाल झाला: नर-मादी वेगळे, अंड्याला झाकण नाही, आणि मधला यजमान फक्त गोगलगाय. त्याची अळी, सर्केरिया, थेट कातडीतून शिरते, म्हणून मासा, खेकडा किंवा पाणवनस्पती लागत नाही. सेस्टोडमध्ये लाल दोनच: झाकणवाला डायफिलोबोथ्रियम, आणि मधल्या यजमानावाचूनही चालणारा हायमेनोलेपिस नाना.

पित्ताने न रंगणारी अंडी मात्र तक्त्यात मावेनात. ती माझ्या पार्टनरच्या एका वाक्याने बसली: ‘नेहाला पित्त नाही.’ नेकेटर, एन्टरोबियस, हायमेनोलेपिस नाना, अँकायलोस्टोमा यांची इंग्रजी आद्याक्षरं मिळून ‘नेहा’. पण हे वाक्य रंगापुरतंच. त्यात नेमाटोडही आहेत आणि सेस्टोडही, त्यामुळे त्यावरून वर्ग ठरवायला गेलं की घोळ होतो. ते मी तक्त्याखाली वेगळ्या चौकटीत लिहिलं.

उजळणीला पूर्ण तक्ता परत लिहीत बसले नाही. कोरा कागद घेऊन फक्त लाल नोंदी लिहायच्या, त्याही कोणत्या ओळीतल्या ते सांगून. पहिल्या दिवशी शिस्टोसोमाच्या तीनपैकी एकच आली, चौथ्या दिवशी पाचही. पुढच्या प्रॅक्टिकलला अंड्याच्या टोकाला काटा होता, झाकण नव्हतं. मी आधी लांबी मोजली, मग ‘शिस्टोसोमा हिमॅटोबियम’ लिहिलं.