मावशीच्या मशीनवरचा U

चवथ संपून दोन दिवस झाले होते. संध्याकाळी फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर चौदा मेसेज. सुरुवातीला मावशीचा प्रश्न, ‘हे काय आलंय? मशीन बंद पडली.’ त्याच्याखाली फोटोच्या जागी नुसतं ‘हा मेसेज डिलीट केला आहे.’ त्याखाली माझ्या मावसभावाचं ठाम उत्तर, ‘UE आहे. कपडे एका बाजूला गोळा झालेत, सारखे पसर.’ बाकी सगळे हसणारे चेहरे. मशीनच्या काळ्या काचेत मामा पंचा नेसून उभे दिसत होते, म्हणून त्यांनी मावशीला तो फोटो काढून टाकायला लावला होता.

मी गोव्यात फोंड्याला, मशीन तिकडे साखळी गावात, बाहेर धो धो पाऊस. फोन लावला.

“मावशी, परत एक फोटो काढ ना.”

“आता कसला काढू? मी बटणच बंद केलं. काही नाही त्यावर.”

वीज गेली की बहुतेक वॉशिंग मशीनच्या पडद्यावरचा बिघाडाचा कोड पुसला जातो. राहतं ते कुणीतरी वाचून सांगितलेलं. पण मशीन कुठल्या अवस्थेत थांबली आहे, हे कोड गेल्यावरही विचारता येतं.

“कपडे पसरलेस का?”

“पसरणार कशी? दारच उघडत नाही रे! आत पाणी आहे अर्ध्या काचेपर्यंत.”

इथे मला भावाचं उत्तर खटकलं. या मशीनच्या पुस्तिकेत UE म्हणजे तोल बिघडला. तो पिळताना बिघडतो, आणि पिळायच्या आधी पंप पाणी बाहेर काढून टाकतो. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये पाणी भरलेलं असेल तर दाराचं कुलूप सुटत नाही, नाहीतर सगळं लादीवर येईल. म्हणजे आत पाणी, दार बंद आणि कोड तोल गेल्याचा, हे तिन्ही एकत्र जुळत नव्हतं. पाणी बाहेर जात नसेल तर त्याच पुस्तिकेत OE आहे, आणि पाणी आतच येत नसेल तर IE.

भावाला फोन केला. “मी डोळ्यांनी बघितला, यूच होता,” म्हणाला. मावशीही तेच म्हणाली. दोघांवर अविश्वास दाखवायचं कारण नव्हतं, तरी मी मावशीला बटण परत चालू करायला लावलं आणि फक्त पिळण्याचा प्रोग्रॅम लावायला सांगितला, कारण त्यात पंप आधी चालतो. काही मिनिटांत कोड परत आला. या वेळी तिने फोटो पाठवला (मामांना आधी बाहेर पाठवून), पण त्यात फक्त E. दुसऱ्या फोटोत काहीच नाही. असं होतं. हे आकडे एकदम पेटत नाहीत, पाळीपाळीने फार वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते स्थिर दिसतात, कॅमेरा मात्र नेमका एखादा विझलेला क्षण पकडतो. व्हिडिओ मागवायचा विचार होता, पण साखळीला रेंज आधीच रडत होती.

मग म्हटलं, “मावशी, काड्या मोज.”

“कसल्या काड्या?”

त्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा सात छोट्या काड्यांचा असतो. तीन आडव्या, चार उभ्या. त्यातल्या काही पेटतात, काही नाही. म्हणून 5 आणि S यांत फरकच राहत नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या काही मशीनमध्ये पाणी न जाण्याचा कोड 5E आहे, तो बरेच लोक SE म्हणून सांगतात. आणि O ला, म्हणजे शून्यालाही, सहा काड्या लागतात, U ला पाच. फरक फक्त वरच्या आडव्या काडीचा.

मावशीने बोट लावून मोजल्या. “पाच. वर काही नाही. यूच आहे बाबू, मी सांगते ना.”

काडी मुद्दाम पेटलेली नाही की पेटूच शकत नाही, हे कळायला तीच जागा दुसऱ्या आकड्यात बघावी लागते. मी तिला प्रोग्रॅमची खुंटी फिरवायला लावली, सुरू न करता, आणि पडद्यावरची वेळ वाचायला सांगितली. एका प्रोग्रॅमवर म्हणाली, “एक, मग तीन, पण तिनाचं डोकं उडालंय, आणि आठ.” पुढे फिरवल्यावर थोडा वेळ गप्प. मग, “एक, यू, पाच. ही कसली वेळ रे?”

एक तास पाच मिनिटं. मधल्या आकड्याची वरची काडी जळाली होती आणि कोडचं पहिलं अक्षर त्याच जागी येत होतं. मशीन OE म्हणत होती. फोटो राहिला असता तरी त्यात U च दिसला असता, भावाचं वाचन बरोबरच होतं.

मग काम सोपं झालं, घाण असलं तरी. मशीनचा प्लग काढायला सांगितला. मामांना फोनवर घेतलं. खाली उजव्या कोपऱ्यात झाकण, त्याच्या आत एक बारीक रबरी नळी आणि मोठी फिरकीची गोल टोपी. टोपीला आधी हात लावायचा नाही, नाहीतर अर्धं मशीन पाणी एका दमात अंगावर. मामांनी नळीचं बूच काढून पसरट ताटात पाणी सोडलं आणि ताट भरलं की बूच लावून मोरीत ओतत राहिले. अकरा ताटं मोजली त्यांनी. मग टोपी डाव्या बाजूला फिरवून जाळी बाहेर काढली. जाळीत दोन रुपयांचं नाणं, केसांची पिन आणि तपकिरी धाग्यांचा गुंता. केवणीच्या सालीच्या दोराचा. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना उरलेला तुकडा मामांच्याच हाफ पँटच्या खिशात राहिला होता. या वेळी मावशी हसली.

जाळी काढून थांबायचं नसतं. तिच्या मागच्या पोकळीत पंपाचं छोटं चक्र असतं. टॉर्च मारून बघितलं तर त्याच्या आसाभोवतीही दोर गुंडाळलेला. चिमट्याने सोडवल्यावर मामा म्हणाले, “फिरतंय, पण अडकत अडकत, टक टक करत. मोडलं वाटतं.” मोडलेलं नव्हतं. आतल्या लोहचुंबकामुळे ते तसंच टप्प्याटप्प्याने फिरतं. अजिबात हलत नसतं, किंवा पिळण्याच्या प्रोग्रॅमवर पंपाचा कसलाच आवाज नसता, तर मी त्यांना तिथेच थांबवून मेकॅनिकला बोलवायला सांगितलं असतं. पंपाची वायर आणि मोटर तपासणं हे ताट घेऊन बसायचं काम नव्हे.

टोपी घट्ट बसवली, खाली जुना टॉवेल ठेवला, परत पिळायला लावलं. पाणी मोरीत पडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. टॉवेल कोरडा राहिला.

जळालेल्या काडीसाठी डिस्प्लेचं अख्खं बोर्ड बदलावं लागेल, हे सांगितल्यावर मावशी म्हणाली, “राहू दे.” परवा गेलो तेव्हा पडद्याशेजारी पांढरी चिकटपट्टी होती, त्यावर तिच्या अक्षरात: ‘मधला यू = शून्य. खिसे बघणे.’